२३२ कोणी मोजले?

जुलै २०१४ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातून एक बातमी बाहेर पडली आणि दोन-तीन दिवसांत जगभर पोहोचली. बुलडाणा जिल्ह्यातल्या एका १७ वर्षांच्या मुलाच्या खालच्या जबड्यातून शस्त्रक्रिया करून २३२ दात काढले होते. दंतविभागाच्या प्रमुख डॉ. सुनंदा धिवरे यांनी पत्रकारांना सांगितले, की शस्त्रक्रिया जवळजवळ सात तास चालली, गाठ सहजी निघेना म्हणून छिन्नी-हातोडी घ्यावी लागली, आणि एकदा ती उघडल्यावर मोत्यांसारखे बारीक दात एकेक करून बाहेर येत राहिले. मुलाला सुमारे दीड वर्ष सूज होती. निदान होते ओडोन्टोमा, म्हणजे दात घडवणाऱ्या पेशींपासून झालेली निरुपद्रवी गाठ. अशा रुग्णांत आजवर जास्तीत जास्त ३७ दात निघाल्याची नोंद आहे, असेही बातम्यांत आले.

बातमी म्हणून यात काही कमी नाही. पण हाच मजकूर एखाद्या दंतवैद्यकीय नियतकालिकाकडे केस रिपोर्ट म्हणून गेला, तर परीक्षकाचा पहिला प्रश्न असेल, की २३२ मोजले कोणी, कधी, आणि दात म्हणायचे कशाला? प्रश्न खवचट वाटेल, पण त्याच बातम्यांत एक तपशील होता. बारीक दातांबरोबर गोटीसारखा एक कठीण गोळाही निघाला होता आणि तो फोडून तुकड्यांनी काढावा लागला होता. मग त्या तुकड्यांची गणना कुठे झाली? ओडोन्टोमाचे दोन प्रकार मानतात. संयुक्त प्रकारात आत छोटे छोटे, ओळखू येतील असे दात असतात. जटिल प्रकारात इनॅमल आणि डेन्टिन असते, पण ते एकमेकांत मिसळून त्याचा बेढब गोळा झालेला असतो. संयुक्त प्रकारात मोजता येते, जटिल प्रकारात मोजण्यासारखे काही नसतेच. एकाच जबड्यात दोन्ही सापडले, तर काय मोजले आणि काय सोडले हे लिहिल्याशिवाय आकड्याला अर्थ येत नाही.

पाच वर्षांनी, जुलै २०१९ मध्ये, चेन्नईच्या सविता दंत महाविद्यालयाने सात वर्षांच्या मुलाच्या जबड्यातून ५२६ दात काढल्याचे जाहीर केले. तिथे गाठ फोडत बसण्याऐवजी जवळजवळ २०० ग्रॅमचा पिशवीसारखा भाग अखंड बाहेर काढला, आणि नंतर चार-पाच तास बसून आतला ऐवज वेगळा केला. सर्वांत लहान दात ०.१ मिलिमीटरचा होता, असे सांगण्यात आले. इथे मोजण्याची पद्धत निदान कळते. पण ०.१ मिलिमीटरचा कण दात आहे की चुरा, हे डोळ्यांनी ठरत नाही. आणि ३७ वरून २३२, २३२ वरून ५२६ अशी घोडदौड पाहिली, की ‘सर्वाधिक’ हा शब्द रिपोर्टाच्या मथळ्यात घालणाऱ्याने तो शब्द किती दिवस टिकेल याचा विचार करावा.

म्हणून केस रिपोर्ट कसा लिहावा हे सांगणाऱ्या या प्रकरणासाठी उदाहरण घेताना मी विक्रमी गाठ घेत नाही. दवाखान्यात खरोखर भेटते ती लहानशी गाठ असते. वरच्या जबड्यात पुढच्या बाजूला चार-दहा बारीक दात एकत्र झालेले असतात आणि त्यांच्यामुळे पटाशीचा कायमचा दात अडून राहिलेला असतो. समजा, असा रुग्ण केममध्ये आला. केम म्हणजे करमाळा तालुक्यातले, कुंकवासाठी नाव असलेले गाव. पुण्याकडून सोलापूरला जाताना रेल्वेने कुर्डुवाडीच्या अलीकडे लागते. रुग्ण आणि दवाखाना दोन्ही मी कल्पिलेले आहेत. मात्र पुढे येणाऱ्या अडचणी कल्पनेतल्या नाहीत.

मुलगा नऊ वर्षांचा. वरचा डावा पटाशीचा दात दीड वर्षापूर्वी आला. उजव्या बाजूला दुधाचाच दात अजून घट्ट आहे. दुखत नाही, सूज नाही. आईला एवढेच खटकले, की एका बाजूचा आला आणि दुसऱ्या बाजूचा का नाही. एक्स-रेमध्ये दुधाच्या दाताच्या मुळाच्या वर पांढऱ्या ठिपक्यांचा पुंजका दिसला आणि त्याच्या वर अडकलेला कायमचा दात. डॉक्टरांनी जागा बधिर केली, हिरडी उचलली, दुधाचा दात काढला, हाडाचा पातळ पापुद्रा काढून नऊ छोटे दात आणि त्यांच्याभोवतीची पिशवी बाहेर घेतली, आणि टाके घातले. अडकलेल्या दाताला हात लावला नाही. सहा महिन्यांनी त्याचे टोक दिसले. चौदा महिन्यांनी तो शेजाऱ्यापेक्षा दोन मिलिमीटर आखूड होता, पण बाहेर होता.

डॉक्टरांना वाटले, हे लिहावे. वाटणे बरोबर आहे, फक्त लिहायचे काय ते आधी ठरवावे लागते. ‘ओडोन्टोमा दुर्मीळ असतो’ म्हणून लिहायला बसले, तर रिपोर्ट परत येईल, कारण दातांच्या ऊतींपासून होणाऱ्या गाठींत तो नेहमी दिसणाऱ्यांपैकी आहे. पबमेडच्या शोधचौकटीत पुढची ओळ टाकली की याची खात्री पटते:

```
"odontoma"[MeSH] AND "tooth, impacted"[MeSH]
```

समोर येणारी यादी वाचताना डॉक्टरांच्या लक्षात येईल, की आपल्याकडे सांगण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. अडकलेला दात तारेने न ओढता आपला आपण उतरला. मग रिपोर्टाचा प्रश्न होतो: या वयात, मूळ अजून पूर्ण न झालेल्या दाताची किती काळ वाट पाहिली, आणि ती पाहताना काय तपासले? मथळाही त्यावरच हवा. त्यात ‘केस रिपोर्ट’ हे शब्द असावेत आणि ‘चमत्कारिक’, ‘पहिलाच’ यांना थारा नसावा. ‘पहिलाच’ म्हणायचेच असेल, तर कोणत्या शब्दांनी, कोणत्या संग्रहात, कोणत्या तारखेपर्यंत शोधले ते मजकुरात सांगून ‘आमच्या माहितीनुसार’ म्हणावे.

लिहिण्याचा क्रम छापण्याच्या क्रमाने धरू नये. बहुतेक जण प्रस्तावनेपासून सुरुवात करतात आणि ओडोन्टोमाच्या व्याख्येत दोन पाने घालवतात. माझा सल्ला आहे, की आधी एका कागदावर फक्त कालरेषा मांडावी. पहिल्या भेटीला काय तक्रार, काय दिसले, एक्स-रे कधी, शस्त्रक्रिया कधी, टाके कधी काढले, गाठीचा अहवाल कधी आला, पुढे कोणत्या महिन्यात रुग्ण आला आणि कोणत्या महिन्यात यायचा होता पण आला नाही. २०१३ मध्ये केस रिपोर्टसाठी ‘केअर’ नावाची मार्गदर्शक सूची प्रसिद्ध झाली. तिच्या १३ कलमांत कालरेषा हे स्वतंत्र कलम आहे. ते का, हे कागद भरताना समजते. आमच्या उदाहरणात मुलगा तिसऱ्या महिन्याला आलाच नाही, कारण शेतात काढणी चालू होती. म्हणजे टोक ‘सहाव्या महिन्यात दिसले’ हे खरे, पण ‘सहाव्या महिन्यात आले’ हे माहीत नाही. ते चौथ्यातही आले असेल. कालरेषा मांडली नसती तर हा फरक मजकुरातून निसटला असता.

कालरेषा झाली की तपासणी, निदान आणि उपचार हे भाग तिच्यावरून लिहून काढता येतात. इथे नियम एकच: दुसऱ्या गावच्या डॉक्टरला हे वाचून तेच करता आले पाहिजे. ‘भूल देऊन गाठ काढली’ याने काम भागत नाही. २ टक्के लिग्नोकेन, त्यात १:८०,००० ॲड्रेनॅलिन, चीर कुठून कुठे, हाड कशाने काढले आणि त्या वेळी सलाइनची धार चालू होती का, टाके कोणत्या धाग्याचे आणि किती दिवसांनी काढले. दातांना दोन आकडी क्रमांक द्यावेत. ११ म्हणजे वरचा उजवा पटाशीचा कायमचा, ५१ म्हणजे त्याच जागेचा दुधाचा. मजकुरात ११ आणि चित्राखालच्या ओळीत २१ अशी गल्लत परीक्षकाला लगेच दिसते, आणि मग तो बाकीच्या आकड्यांवरही विश्वास ठेवत नाही.

नऊ दातांची गणना कशी झाली, हेही इथेच यायला हवे. जे. जे.च्या बातमीतून घेण्याचा धडा हाच. आमच्या डॉक्टरांनी पिशवीसकट सगळे १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये टाकून मुखविकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेकडे पाठवले, पण त्याआधी दात वेगळे करून पट्टीशेजारी ठेवले आणि फोटो काढला. नऊ हा आकडा त्या फोटोत वाचकाला स्वतः मोजता येतो. प्रयोगशाळेतली एक अडचणही ठाऊक असावी. कठीण ऊतक पातळ कापता यावे म्हणून ते आम्लात मऊ करतात, आणि पक्व इनॅमल जवळजवळ सगळे खनिजच असल्यामुळे आम्लात विरघळून जाते. काचेवर त्याची रिकामी जागा उरते. म्हणून सूक्ष्मदर्शकाच्या चित्राखाली ‘इनॅमल दिसते’ असे लिहिले आणि चित्रात पांढरी पोकळी असली, तर जाणकार वाचक थांबतो. ‘इनॅमलची जागा’ असे लिहावे. आणि तपासणीला एकच दात कापला असेल, तर एकच कापला असे सांगावे.

संमतीकडे मात्र फार जण शेवटी वळतात, नियतकालिकाचा अर्ज भरताना चौकट दिसली की. तोपर्यंत मुलाच्या वडिलांचा फोन नंबर बदललेला असतो.

उपचाराची संमती आणि छापण्याची संमती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या कागदावर ‘माझी माहिती शिक्षणासाठी वापरता येईल’ अशी एक ओळ घुसवून दुसरीचे काम भागवता येत नाही. खुर्चीत तोंड उघडून बसलेल्या मुलाची आई त्या वेळी कशावरही सही करील, म्हणून ती वेळ टाळावी. टाके काढायला आल्यावर किंवा त्यानंतरच्या भेटीत बसवून बोलावे, आणि ‘नाही म्हणालात तरी पुढची तपासणी अशीच होणार’ हे पहिल्याच वाक्यात सांगावे. कागद मराठीत हवा. वाचता येत नसेल तर वाचून दाखवावा, अंगठा घ्यावा आणि दवाखान्याबाहेरच्या साक्षीदाराची सही घ्यावी. मुलगा अज्ञान असल्यामुळे सही पालकाची, पण त्यालाही विचारायचे: ‘तुझ्या दातांचे फोटो डॉक्टरांच्या पुस्तकात छापले तर चालेल का रे?’ तो नको म्हणाला, तर आईची सही असूनही मी छापणार नाही.

त्या कागदात काय असावे, हे जे. जे.च्या रुग्णाकडे पाहिले की स्पष्ट होते. त्या मुलाचे नाव, गाव, वडिलांचे बोलणे आणि चेहरा आज इतक्या वर्षांनंतरही कोणालाही सापडतो. बातमीत ते चालून जाते. रिपोर्टमध्ये चालत नाही, पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे: इंटरनेटवर गेलेले परत घेता येत नाही. म्हणून कागदात साध्या शब्दांत यावे, की नाव छापणार नाही, तरीही ओळखीचा माणूस ओळखू शकेल. लेख कोणालाही, कुठेही, फुकट वाचता येईल. त्यातले चित्र दुसरे कोणी वापरू शकेल. छापून येईपर्यंत संमती मागे घेता येईल, नंतर नाही. याचे पैसे कोणाला मिळणार नाहीत. काही नियतकालिकांचा स्वतःचा छापील नमुना असतो आणि ते तोच मागतात, त्यामुळे कुठे पाठवायचे हे ठरवून मगच सही घ्यावी. सही केलेला कागद दवाखान्यात राहतो. मजकुरात फक्त ‘पालकाची लेखी संमती घेतली आहे’ एवढे वाक्य जाते.

नाव न छापल्यावर ओळख लपली, हा समज शहरातल्या मोठ्या रुग्णालयात थोडाफार खपतो. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या भारतीय आचारनियमांतही ओळख उघड होणार नसेल तर परवानगीची गरज नाही, असा सूर आहे. केममध्ये हा समज टिकत नाही. ‘केम येथील नऊ वर्षांचा मुलगा, आईवडील कुंकवाच्या कारखान्यात कामाला, मे महिन्यात शस्त्रक्रिया’ एवढे लिहिले तर गावात कोणालाही दुसरा प्रश्न विचारावा लागणार नाही. म्हणून यातले प्रत्येक पद चाळणीतून काढायचे. आईवडिलांच्या कामाचा दाताशी संबंध नाही, गेले. गावाचा संबंध नाही, गेले. मे महिन्याऐवजी ‘पहिला दिवस’, आणि पुढे ‘सहावा महिना’, ‘चौदावा महिना’. वय मात्र राहिले पाहिजे, कारण मुळाची वाढ किती झाली होती यावरच सारा युक्तिवाद उभा आहे. इथे एक मोह होतो: ओळख लपवायला मुलाची मुलगी करावी, नऊचे अकरा करावे. तसे करायचे नाही. नको तो तपशील गाळता येतो, खोटा घालता येत नाही. अकरा वर्षांच्या मुलात या दाताचे मूळ बहुधा पूर्ण झालेले असते आणि मग वाट पाहण्याचा निर्णयच वेगळा ठरतो.

आणि एवढे सगळे करूनही लेखकाच्या नावाखाली पत्ता छापला जातो: दंतचिकित्सालय, केम, जिल्हा सोलापूर. तो काढता येत नाही. म्हणजे छोट्या गावातून लिहिणाऱ्या डॉक्टरच्या रुग्णाला पूर्ण निनावी राहता येतच नाही, आणि हे आईला तोंडी सांगणे हा संमतीचाच भाग आहे. छापायला पाठवण्याआधी तयार मजकूर तिला किंवा घरातल्या वाचणाऱ्याला मराठीत समजावून सांगावा, चित्रे दाखवावीत. रुग्णाची बाजू नोंदवायला केअरच्या सूचीत जागा आहे. आई या भेटीत जे बोलेल ते तिथे जावे. दात पूर्ण उतरेल की नाही या काळजीने चौदा महिने काढले, असे ती म्हणाली, तर ‘परिणाम उत्तम’ या डॉक्टरांच्या शब्दांशेजारी ते शोभून दिसेल.

फोटोंकडे येऊ. जुन्या लेखांत रुग्णाच्या डोळ्यांवर काळी पट्टी दिसते. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने ती अपुरी असल्याचे स्पष्ट सांगितले आहे, आणि ते खरेच आहे. आपल्या भाच्याला आपण हनुवटीवरूनही ओळखतो. आमच्या रुग्णात चेहऱ्याची गरजच नाही, कारण सूज नव्हती. गाल मागे ओढून फक्त दातांचा फोटो पुरतो.

हा फोटो चांगला येण्यामागे फार गूढ नाही. १०० मिलिमीटरच्या आसपासचे मॅक्रो लेन्स, लेन्सभोवती बसणारा फ्लॅश, छिद्र एफ २२ च्या जवळपास, म्हणजे पुढच्या दातापासून मागच्या दाढेपर्यंत सगळे स्पष्ट येते. टाळूकडची बाजू आरशातून घ्यावी लागते. आरसा कोमट पाण्यात बुडवून घेतला तर श्वासाने धुके धरत नाही. आरशातली प्रतिमा उलटी असते. ती सुलटी करून छापावी, नाहीतर उजव्या दाताचा लेख डाव्या दाताच्या चित्रासह छापला जातो.

खरी परीक्षा ‘आधी’ आणि ‘नंतर’च्या जोडीत असते. पहिला फोटो दवाखान्यातल्या नर्सने मोबाइलवर घाईत काढलेला, चौदाव्या महिन्याचा कॅमेऱ्याने, जवळून, थोडा खालून. खालून पाहिले की वरच्या दातांची लांबी नीट कळत नाही. दोन मिलिमीटरचा फरक कोनातच विरून जातो आणि वाचकाला वाटते, दात पूर्ण उतरला. म्हणून प्रत्येक वेळी तेच लेन्स, तेच अंतर, कॅमेरा दातांच्या समोरासमोर, आणि एका तरी चित्रात मिलिमीटरची पट्टी. पहिला फोटो आता पुन्हा काढता येणार नसेल, तर तो आहे तसा छापावा आणि खाली लिहावे, की दोन्ही चित्रांचा कोन सारखा नाही, दोन मिलिमीटरचे माप तोंडात मोजले आहे.

संपूर्ण चित्राचा उजेड कमी-जास्त केलेला चालतो. हिरडीवरचा लाल डाग पुसणे, शेजारच्या दाताचा पिवळटपणा उतरवणे चालत नाही. मूळ फाइल जपून ठेवावी, कारण संपादक ती मागू शकतो. मूळ म्हणजे कॅमेऱ्यातली. व्हॉट्सॲपवरून सहकाऱ्याला सल्ल्यासाठी पाठवलेली आणि परत आलेली प्रत दाबून लहान झालेली असते. छापील स्तंभाच्या साडेआठ सेंटिमीटर रुंदीला सुमारे १००० पिक्सेल लागतात, तेवढे तिच्यात उरतात याचा भरवसा नाही. शिवाय तो सल्लाही रुग्णाच्या परवानगीनेच मागायचा असतो, हे विसरले जाते.

ओळख फुटते ती बहुधा चेहऱ्यातून नव्हे, कोपऱ्यातून. एक्स-रेच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात रुग्णाचे नाव, वय, तारीख आणि सेंटरचे नाव छापून आलेले असते. काळा चौकोन टाकला आणि ती फाइल सादरीकरणाच्या पानातच ठेवली, तर चौकोन बाजूला ओढून खालचे नाव वाचता येते. तो भाग कापूनच टाकावा. मोबाइलच्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश लपलेले असू शकतात. आणि सगळी काळजी घेतल्यावर फाइलचे नाव मुलाच्या आडनावाने असते, जे संपादकापासून परीक्षकापर्यंत सगळ्यांना दिसते. `Fig1.tif` पुरे.

आता चर्चेचा भाग. मर्यादा सांगायच्या म्हणून शेवटी एक ठरावीक वाक्य टाकतात: ‘हा एकच रुग्ण आहे, अधिक अभ्यासाची गरज आहे.’ हे कोणत्याही रिपोर्टाखाली चालेल, म्हणून ते काहीच सांगत नाही. या रुग्णाची मर्यादा शोधायची तर स्वतःच्या दाव्याला उलटतपासणीत उभे करावे लागते. दावा असा: गाठ काढली म्हणून दात उतरला.

पहिला आक्षेप. त्याच बैठकीत दुधाचा दातही काढला होता. वाटेत दोन अडथळे होते आणि दोन्ही एकदम हलवले. यातला कोणता अडवत होता, हे या रुग्णावरून कळणार नाही. दुधाचा दात आधी काढून काही महिने थांबले असते तर थोडे कळले असते, पण त्यासाठी मुलाची दोनदा शस्त्रक्रिया करणे योग्य नव्हते. हे जसेच्या तसे लिहावे; निर्णय बरोबर होता आणि त्यामुळे एका प्रश्नाचे उत्तर हातचे गेले, या दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या असू शकतात.

दुसरा आक्षेप मुळाचा. नवव्या वर्षी पटाशीच्या दाताचे मूळ अजून वाढत असते आणि अशा दातात उतरण्याचा जोर शिल्लक असतो. हाच उपचार पंधराव्या वर्षी केला असता तर दात जागचा हलला नसता आणि तार लावूनच ओढावा लागला असता, ही शक्यता बरीच आहे. म्हणजे ‘तारेची गरज नाही’ हा निष्कर्ष फार तर मूळ अपुरे असलेल्या दातांपुरता, आणि तोही ‘एका मुलात असे झाले’ इतक्याच जोराने. मूळ अपुरे होते याचा पुरावा म्हणजे त्या वेळचा एक्स-रे, आणि तो दोन मितींतला आहे. त्रिमितीय स्कॅन केला नव्हता. तो केममध्ये नव्हता, त्यासाठी मुलाला शहरात न्यावे लागले असते आणि एवढ्या छोट्या गाठीसाठी ते किरण आणि तो खर्च डॉक्टरांना जास्त वाटला. या कारणासह ही मर्यादा लिहिली, तर गावातल्या दुसऱ्या डॉक्टरला ती उपयोगी पडेल. नुसते ‘स्कॅन उपलब्ध नव्हता’ याने नाही.

तिसरी मर्यादा काळाची. चौदा महिने दात उतरला की नाही हे पाहायला पुरे झाले. गाठ पुन्हा आली का, हे सांगायला कमी पडतात. ओडोन्टोमा पूर्ण काढल्यावर सहसा परतत नाही, पण ‘या मुलात परतला नाही’ हे वाक्य चौदा महिन्यांच्या जोरावर ‘चौदा महिन्यांपर्यंत एक्स-रेमध्ये दिसला नाही’ एवढेच लिहिता येते. दात संवेदना देतो का, त्याची हिरडी शेजाऱ्याइतकी उंच आहे का, हे तपासले असेल तर आकड्यांत द्यावे. तपासले नसेल, तर पुढच्या भेटीला मुलाला बोलवावे आणि रिपोर्ट तेवढे दिवस थांबवावा. थांबण्याने नुकसान फक्त लेखकाच्या उत्सुकतेचे होते.

इतके लिहून झाले की सारांश लिहावा. सर्वांत आधी छापला जाणारा हा भाग सर्वांत शेवटी लिहायचा, कारण चर्चेत जे आवरते घेतले ते सारांशात पुन्हा फुगून येते. ‘गाठ काढल्यावर दात आपोआप आला’ असे तिथे राहिले आणि आत दोन अडथळ्यांची कबुली असली, तर बहुतेक वाचक सारांशच वाचतात आणि ‘आपोआप’ तेवढे लक्षात ठेवतात. ‘ओडोन्टोमा व दुधाचा दात एकत्र काढल्यानंतर, मूळ अपूर्ण असलेल्या दाताचे टोक ओढण्याच्या उपचाराशिवाय सहाव्या महिन्याच्या तपासणीत बाहेर आलेले आढळले’ हे वाक्य लांब आहे, जरा कंटाळवाणेही आहे. पण त्यात नंतर काही मागे घ्यावे लागत नाही.

परीक्षकाचे पत्र काही आठवड्यांनी किंवा काही महिन्यांनी येते. त्यात बहुधा तीन गोष्टी विचारलेल्या असतील: तिसऱ्या महिन्याची नोंद कुठे, सूक्ष्मदर्शकाच्या चित्राला माप का नाही, आणि संमतीपत्रात अज्ञान मुलाचा उल्लेख आहे का. पहिल्याला उत्तर ‘रुग्ण आला नाही’, आणि कालरेषेत तसे आधीच लिहिलेले असले तर फक्त ओळ क्रमांक कळवायचा. दुसऱ्यासाठी प्रयोगशाळेला फोन करून मापाची रेघ टाकलेले चित्र मागवायचे. तिसऱ्यासाठी दवाखान्यातला कागद काढून पाहायचा आणि त्यात जे आहे तेवढेच कळवायचे. चित्र बदलल्यावर त्याचा क्रमांक सरकला असेल, तर मजकुरातले आणि चित्राखालचे क्रमांकही त्याच बैठकीत जुळवून घ्यावेत.